चेंडू सरळच गेला होता

रेंजवर जायला लागून मला तीन महिने झाले होते. शंभर यार्डांवर एक पिवळा झेंडा आहे. त्याच्यावर सात नंबरच्या आयर्नने मी दर खेपेला साठ-सत्तर चेंडू मारत असे आणि त्यांतले निम्म्याहून जास्त झेंड्याच्या उजवीकडे, जाळीच्या तिसऱ्या खांबाच्या दिशेने जाऊन पडत. मनगट वळतंय, डोकं उचललं जातंय, ग्रिप सैल आहे, असे सगळे दोष मी स्वतःला लावून पाहिले होते. मित्रांनी आणखी चार लावले होते. शेवटी एका सकाळी, आयुष्यभर कॅडीचं काम केलेले आणि आता नवशिक्यांना शिकवणारे एक काका माझ्यामागे येऊन उभे राहिले. पाच चेंडू त्यांनी न बोलता पाहिले आणि म्हणाले, "साहेब, बॉल सरळच जातोय की. तुम्हीच त्या खांबाच्या रोखाने उभे आहात."

मला ते पटलं नाही. मी तर झेंड्याकडे बघून बघून उभा राहत होतो. "आहात तसेच राहा, पाय हलवू नका," असं म्हणून त्यांनी माझ्याच पिशवीतला पाच नंबरचा क्लब काढला आणि माझ्या दोन्ही बुटांच्या टोकांना टेकवून जमिनीवर आडवा ठेवला. "आता मागे या आणि बघा." मी चार पावलं मागे जाऊन त्या क्लबच्या रेषेत उभा राहिलो. शाफ्ट थेट तिसऱ्या खांबाकडे रोखलेला होता. रेंज बंद झाल्यावर आम्ही चालत जाऊन अंतर मोजलं. झेंड्यापासून खांबाची रेषा बारा यार्ड उजवीकडे होती. शंभर यार्डांवर बारा यार्ड म्हणजे सुमारे सात अंश. घड्याळाच्या तबकडीवर एका मिनिटाचं अंतर सहा अंशांचं असतं. म्हणजे माझी सगळी चूक मिनिटकाट्याच्या एका घराएवढी होती, आणि उभ्या माणसाला ती जाणवणं शक्यच नव्हतं.

हे फक्त माझं नाही. उजव्या हाताने खेळणारे पुष्कळ नवशिके उजवीकडेच रोख धरतात. (डावखुऱ्यांनी हा लेख वाचताना सगळीकडे डावं-उजवं उलटं करून घ्यावं.) याचं कारण मला आपल्या लहानपणीच्या खेळांत सापडलं. गोट्या खेळताना आपण गोटीच्या मागे बसतो. कॅरममध्ये डोळा स्ट्रायकरच्या मागे असतो. बेचकीने कैरी पाडताना रबर, दगड आणि कैरी एका ओळीत येतात. नेम धरायचा तर डोळा रेषेच्या मागे हवा, हे हाताला लहानपणीच ठाऊक झालेलं असतं. गोल्फमध्ये मात्र आपण रेषेच्या बाजूला उभे असतो, लक्ष्य डाव्या खांद्यापलीकडे असतं आणि चेंडू पायांपासून दोन-सव्वादोन फूट लांब असतो. तिथून नेम धरायची सवय कुठल्याच खेळाने लावलेली नसते.

गोल्फची पुस्तकं इथे रेल्वेच्या रुळांचं उदाहरण देतात. पलीकडच्या रुळावर चेंडू आणि लक्ष्य, अलीकडच्या रुळावर तुमचे पाय. दोन्ही रूळ समांतर, त्यामुळे पायांची रेषा झेंड्याकडे जायला नको, झेंड्याच्या किंचित डावीकडे जायला हवी. उदाहरण बरोबर आहे, पण माझ्या बारा यार्डांचा हिशोब त्याने लागत नाही. समजा मी पायांची रेषा अगदी झेंड्यावर रोखली, तर चेंडूची समांतर रेषा झेंड्याच्या उजवीकडे किती जाईल? दोन रुळांमध्ये असेल तेवढीच, म्हणजे दोन-सव्वादोन फूट. तेवढ्याने कुणाचं काही बिघडत नाही. मग उरलेले यार्ड कुठून आले?

ते आले डाव्या खांद्यातून. चेंडूवर वाकून उभं राहिलं की डोकं खांद्यांच्या पुढे, चेंडूच्या बाजूला आलेलं असतं. तिथून मान वळवून झेंड्याकडे पाहिलं आणि शरीर नीट समांतर असलं, तर डाव्या खांद्याचं टोक झेंड्याच्या बरंच डावीकडे दिसतं. नवशिक्याला ते खटकतं. आपण भलतीकडे बघत उभे आहोत असं वाटून तो शरीर थोडं थोडं उजवीकडे फिरवत राहतो, खांदा झेंड्याखाली आला की समाधान पावतो आणि मारतो. बंदुकीच्या माशीसारखा खांदा वापरायचा हा प्रकार आहे. डोळ्याला सगळं जुळलेलं दिसतं, आणि ते जुळवतानाच पाय, कंबर, खांदे सगळे उजवीकडे वळलेले असतात.

यात आणखी एक भर पडते. बहुतेक जण आधी पाय रोवतात, मग क्लब चेंडूमागे टेकवतात. पाय चुकले की क्लबचा फेस आपोआप पायांच्या काटकोनात बसतो, म्हणजे तोही चुकतो. चेंडू सुटताना कुठल्या दिशेने निघेल हे मुख्यतः त्या क्षणी फेस कुठे बघतो आहे यावर ठरतं. त्यामुळे क्रम उलटा हवा. आधी फेस, मग पाय.

आता क्लब मांडायचे कसे ते सांगतो. पिशवीतले, त्या दिवशी न लागणारे कुठलेही तीन घ्या. दुकानात यासाठी रंगीत काठ्या मिळतात, त्या हलक्या आणि सरळ असतात, पण त्यांच्यावाचून अडत नाही.

चेंडू ठेवल्यावर पहिलं काम म्हणजे त्याच्या मागे, तीन-चार पावलांवर जाऊन उभं राहायचं. इथे डोळा रेषेच्या मागे असतो आणि कॅरममधलं सगळं शिक्षण कामाला येतं. चेंडू आणि झेंडा जोडणाऱ्या रेषेवर, चेंडूच्या पुढे दोन-तीन फुटांवर एखादी खूण शोधायची. वाळलेलं पान, मातीचा ठिपका, चटईवरची फाटकी जागा, काहीही चालेल. जॅक निकलॉस आयुष्यभर हेच करत आले आणि त्यांच्या नावावर अठरा मेजर स्पर्धा आहेत. शंभर यार्डांवरच्या झेंड्याशी फेस जुळवण्यापेक्षा तीन फुटांवरच्या पानाशी जुळवणं सोपं, एवढंच त्यामागचं गणित.

पहिला क्लब चेंडूच्या पलीकडे, एक वीत अंतर सोडून, चेंडू-पान या रेषेला समांतर ठेवायचा. ठेवल्यावर पुन्हा मागे जाऊन पाहायचं, कारण वाकून ठेवताना डोळा परत बाजूलाच असतो. दुसरा क्लब अलीकडे, जिथे बुटांची टोकं येणार तिथे. हे दोन्ही समांतर आहेत का, हे नजरेने ठरवू नका. नजरेनेच तर घोळ घातला आहे. तिसरा क्लब दोघांच्या मध्ये आडवा धरा, एका टोकाला दोन शाफ्टमधलं अंतर त्याच्यावर अंगठ्याने धरून ठेवा आणि तोच अंगठा दुसऱ्या टोकाला लावून बघा. सुतार चौकट तपासतो तसं. एका टोकाला दोन बोटं जरी जास्त भरलं तरी पायाकडचा क्लब सरकवा.

मग पलीकडचा क्लब उचलून बाजूला ठेवा. पुष्कळ शिक्षक तो ठेवूनच मारायला लावतात. माझं मत वेगळं आहे. नवशिक्याचा स्विंग बाहेरून आत येत असेल तर क्लबचं डोकं त्या शाफ्टवर आपटू शकतं, आणि दोन्ही क्लबांची आणि मनगटाची वाट लागते. त्याचं काम पायाकडच्या क्लबला दिशा देण्यापुरतं होतं, ते झालं.

आता फेसची खालची कड पानाच्या रोखाने, रेषेला काटकोनात टेकवा. मग बुटांची टोकं पायाकडच्या क्लबला लावा. सात नंबरसाठी दोन पायांत साधारण खांद्यांएवढं अंतर पुरे. यानंतर झेंड्याकडे बघाल तेव्हा डोकं वर उचलू नका, कोंबड्यासारखं जागच्या जागी फिरवा. उचललेल्या डोक्याबरोबर दोन्ही डोळ्यांची रेषा तिरकी होते आणि पुन्हा चुकीची साक्ष देते. पहिल्यांदा असं उभं राहिलो तेव्हा मला वाटलं की मी डावीकडच्या पार्किंगवर चेंडू मारणार आहे. काका म्हणाले, "वाटू दे. तुमच्या वाटण्यावर जाऊ नका, काठीवर जा."

पाय बरोबर असून खांदे उजवीकडे राहिले असंही होतं. त्यासाठी स्टान्स घेतल्यावर हातातला क्लब छातीवर, दोन्ही खांद्यांच्या टोकांना लावून आडवा धरायचा आणि खाली बघायचं. तो पायाकडच्या क्लबला समांतर दिसला पाहिजे.

इथपर्यंत करून मी दहा चेंडू मारले. सात उजवीकडेच गेले.

इथेच बहुतेकांचा या काठ्यांवरचा विश्वास उडतो, आणि म्हणूनच या भागावर मी जरा रेंगाळणार आहे. झालं असं होतं की काठी मांडून पहिल्यांदा उभा राहताना मी माझी नेहमीचीच जागा घेतली आणि मग काठीशी जुळवायला टाचांवर फिरून पाय सरळ केले. चेंडू तिथेच होता. पण चेंडू माझ्यापासून सुमारे सत्तर सेंटिमीटर लांब होता, आणि मी जागच्या जागी सात अंश डावीकडे फिरलो होतो. एवढ्या लांबीवर सात अंश म्हणजे साडेआठ सेंटिमीटर. गोल्फच्या चेंडूचा व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी असू नये असा नियम आहे, म्हणजे साडेआठ सेंटिमीटर म्हणजे दोन चेंडू. मी दिशा सुधारली आणि त्याच हालचालीत चेंडू माझ्या स्टान्समध्ये दोन चेंडूंएवढा मागे, उजव्या पायाकडे गेला.

मागे गेलेला चेंडू उजवीकडे का जातो, हे क्लबच्या वाटेवरून कळतं. क्लबचं डोकं सरळ रेषेत फिरत नाही, ते शरीराभोवती तिरप्या वर्तुळात फिरतं. चेंडूकडे येताना ते आतून बाहेर, म्हणजे थोडं उजवीकडे चाललेलं असतं, वर्तुळाच्या तळाशी क्षणभर लक्ष्याकडे जातं आणि पुढे पुन्हा आत, डावीकडे वळतं. फेसही याच क्रमाने उघड्याचा मिटत जातो. चेंडू दोन चेंडू मागे असला तर क्लब त्याला लवकर भेटतो. वाट अजून उजवीकडची, फेस अजून उघडा. चेंडू उजवीकडे निघतो आणि बहुतेक वेळा नेहमीपेक्षा खालून जातो. ही दुसरी खूण महत्त्वाची आहे. दिशा चुकली आहे की चेंडूची जागा, हे ठरवायचं असेल तर उंची पाहा. नेहमीच्या उंचीने उजवीकडे गेला तर आधी पायांवर संशय घ्या, खुजा उडून उजवीकडे गेला तर चेंडूच्या जागेवर.

तिसरा क्लब इथे कामाला येतो. पायाकडच्या क्लबला काटकोनात, दोन पायांच्या मधून चेंडूकडे जाणारा असा तो ठेवायचा. वरून पाहिलं तर इंग्रजी T दिसतो. या उभ्या दांडीची दिशा चेंडूकडे असली की चेंडू टाचांच्या मानाने नेमका कुठे आहे हे दिसतं. वेजसाठी चेंडू दोन टाचांच्या मधोमध, सात नंबरसाठी मध्यापासून एक ते दीड चेंडू डावीकडे, आणि ड्रायव्हरसाठी डाव्या टाचेच्या आतल्या बाजूच्या समोर. मधले क्लब या दोन टोकांमध्ये बसतात, त्यांचं कोष्टक पाठ करण्याची गरज नाही. कारण लक्षात असलं की पुरे. आयर्नने चेंडू खाली येता येता मारायचा असतो, टीवर ठेवलेला ड्रायव्हरचा चेंडू वर्तुळाचा तळ ओलांडून वर जाता जाता.

मोजायचं टाचांवरून, बोटांवरून नाही. बहुतेक खेळाडू डावा पाय थोडा बाहेर वळवून उभे राहतात आणि उजवा सरळ ठेवतात. बेन होगनने 1957 च्या आपल्या पुस्तकात तसंच सांगितलं आहे. पण डावा बूट वीस-बावीस अंश बाहेर वळला की त्याचं टोक सुमारे दहा सेंटिमीटर डावीकडे जातं आणि बुटांच्या टोकांमधला मध्य पाच सेंटिमीटर डावीकडे सरकतो. टाचांच्या मधोमध असलेला चेंडू मग मागे गेल्यासारखा दिसतो. तो 'सुधारायला' गेलात तर चेंडू फार पुढे जातो. चेंडू फार पुढे असला की हात त्याच्यापर्यंत पोहोचवायला खांदे डावीकडे उघडतात, आणि मग नवीनच दुखणं सुरू होतं. म्हणून T मांडताना आधी दोन्ही पाय सरळ जोडून उभं राहायचं, चेंडूची जागा ठरवायची, पाय फाकवायचे आणि अगदी शेवटी डावं पाऊल वळवायचं.

आणि टाचांवर फिरून दिशा सुधारायची नाही. रोख चुकला असं वाटलं तर पूर्ण बाहेर या, मागे जा, पान शोधा, पुन्हा पहिल्यापासून. काकांनी मला त्या दिवशी असं अकरा वेळा बाहेर काढलं. मागच्या रांगेतल्या एका बाईंना माझी दया आली असावी.

चटईबद्दल एक सूचना. रेंजवरच्या रबरी चटईची कड बहुधा मैदानाच्या मध्याकडे असते, तुम्ही निवडलेल्या झेंड्याकडे नसते. डावीकडचा झेंडा निवडून चटईच्या कडेला समांतर उभे राहिलात, तर चटईच तुम्हाला उजवीकडे पाठवते. क्लब चटईला तिरका पडला तर बिचकू नका, पडू द्या.

यानंतर काय होतं तेही आधीच सांगून ठेवतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. चेंडू डावीकडे जायला लागतात. महिनोन्‌महिने उजवीकडे रोख धरून उभं राहणारा माणूस नकळत एक तोडगा काढतो. लक्ष्य डावीकडे आहे हे मेंदूला माहीत असतं, म्हणून स्विंग खाली येताना खांद्याने क्लब बाहेर ढकलून आत ओढायची खोड लागते. चुकीचा रोख आणि चुकीचा ओढा मिळून अधूनमधून एक चेंडू झेंड्यापाशी पडतो, आणि त्या एका चेंडूच्या भरवशावर आपण पुढचे पन्नास मारतो. रोख सरळ झाल्यावर जुना ओढा उघडा पडतो. फेस त्या ओढ्याबरोबर डावीकडे बघत असेल तर चेंडू थेट डावीकडे जातो, ओढ्याच्या मानाने उघडा राहिला तर हवेत उजवीकडे वळतो. या दिवसांत काठ्या चुकीच्या आहेत असं समजून पुन्हा उजवीकडे सरकायचा मोह होतो. माझ्याकडून तो एकदा झालाही. ओढा जायला मला साताठ खेपा लागल्या, त्याही अर्ध्या जोराने, छोट्या स्विंगने मारून. काठ्या रोख दाखवतात, स्विंग सुधारत नाहीत. चेंडू सरळ निघून हवेत मोठा वळसा घेत असेल तर तो आजार वेगळा आहे, त्यावर पायाशी कितीही क्लब मांडले तरी उपयोग नाही.

कोर्सवर गेल्यावर हे सगळं सामान पिशवीत राहतं. रोख जुळवण्यासाठी जमिनीवर क्लब किंवा दुसरी कुठलीही वस्तू ठेवून त्या आधारे स्टान्स घ्यायला नियम 10.2b मनाई करतो. दंड स्ट्रोक प्लेमध्ये दोन स्ट्रोकचा, मॅच प्लेमध्ये ते होलच गमावता. स्टान्स घेतल्यावर चूक लक्षात आली, मागे सरकून क्लब उचलला आणि मग मारलं, तरी दंड लागतोच. 2019 पासून कॅडीलाही, तुम्ही स्टान्स घ्यायला लागल्यावर, मागे रेषेत उभं राहून "थोडं डावीकडे" असं सांगता येत नाही. आधीपासून पडलेलं पान मात्र तुमचं. त्याच्या आधाराने कितीही वेळा फेस जुळवा.

म्हणून रेंजवर मी आता काठ्या वेगळ्या रीतीने वापरतो. पहिले वीस चेंडू T मांडून मारायचे. मग क्लब उचलायचे आणि दहा वेळा फक्त पानाच्या आधाराने उभं राहायचं. दर वेळी स्टान्स घेऊन झाल्यावर, मारण्याआधी, हातातला क्लब बुटांच्या टोकांशी ठेवायचा, मागे जाऊन तो कुठे रोखला आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं. गेल्या रविवारी दहापैकी सहा वेळा काठी बरोबर होती, एकदा डावीकडे गेली आणि तीनदा पुन्हा त्याच तिसऱ्या खांबाच्या बाजूला झुकली.